हजेरीबाई आणि तीन मिनिटांचं भाषण

चादर धुऊन झाली होती, पिळायची राहिली होती. एक टोक हजेरीबाईंच्या हातात, दुसरं भाचीच्या, आणि भाची पिळायचं सोडून भाषण करत होती.

"आत्या, घड्याळाकडे बघ ना. दोन मिनिटं झाली की सांग."

"आधी पीळ. सगळं पाणी माझ्या पायावर गळतंय."

भाचीला घरात सगळे टकळी म्हणायचे. आईवडील दुसऱ्या गावी, म्हणून कॉलेजसाठी ती आत्याकडे राहायची. आत्या त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून. सत्तावीस वर्षं काम एकच. महिना संपला की प्राध्यापकांकडून मस्टर गोळा करायची, तास किती झाले आणि कोण किती तासांना बसलं ते मांडायचं, टक्के काढायचे, आणि पंच्याहत्तरच्या खाली असतील त्यांची यादी फळ्यावर लावायची. त्यावरून अख्खं कॉलेज त्यांना हजेरीबाई म्हणायचं. परीक्षेच्या आधी मुलं खिडकीशी येऊन "बाई, साडी छान आहे हं" म्हणायची. यादी लागली की तीच मुलं जिन्यात तोंड फिरवायची. बाईंना दोन्हीची सवय झाली होती. यादी करायला बसण्याआधी त्या देवाला हात जोडायच्या, एवढंच मागायच्या की आकडा चुकू देऊ नकोस. देवाने ते ऐकलं होतं. सत्तावीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता.

आज दुपारी कॉलेजात वादविवाद होता. विषय होता, 'वर्गातील उपस्थिती सक्तीची असावी.' टकळी बाजूने बोलणार होती, तीही सगळ्यात पहिली. बक्षीस मिळालं तर कॉलेजच्या संघात नाव लागणार होतं, आणि त्या संघात जायचं म्हणून पोरीने आठवडाभर आरसा सोडला नव्हता.

"पहिल्या वक्त्याचं काम वेगळं असतं," ती चादरीला पीळ देत म्हणाली. "माझ्या आधी कुणी बोललेलंच नसतं, मग खोडू कुणाला? मी आधी सक्ती म्हणजे काय ते सांगायचं. शंभरातले पंच्याहत्तर तास, आजारपणाला सूट. मग आमची बाजू मांडायची, माझे दोन मुद्दे, आणि आमचा दुसरा वक्ता काय बोलणार तेही सांगून ठेवायचं. सगळं तीन मिनिटांत."

"तीन मिनिटांत तुझा श्वास तरी घेऊन होतो का?"

"ऐक तर. शेवटी तू सांगितलेली गोष्ट आहे." टकळीने ओली चादर पोटाशी धरली, आवाज खाली आणला. "याच कॉलेजात एक हुशार मुलगी होती. तिची हजेरी एकाहत्तर टक्के भरली. ती वर्गात आली नाही, आणि परीक्षेला बसायचं राहून गेलं. पुन्हा ती कॉलेजात दिसली नाही. तिला कुणी वेळेवर सक्ती केली असती तर?"

बाईंच्या हातातलं टोक सैल पडलं.

गेल्या आठवड्यात जेवताना टकळीने "एखादं खरं उदाहरण दे ना" म्हणून पिच्छा पुरवला होता, तेव्हा बाईंनी ही गोष्ट सांगितली होती. पण अर्धीच. त्या मुलीची आई आजारी होती. रोज सकाळी आईचं सगळं करून, शेजारणीवर सोपवून ती निघायची, आणि पहिल्या तासाला दहा मिनिटं उशिरा पोचायची. सर हजेरी तास सुरू होताना घ्यायचे. नाव पुकारून झालं की मस्टर बंद. नंतर आलेल्याला ते वर्गात बसू द्यायचे, पण मस्टरात गैरहजरच. ऑफिसच्या खिडकीतून बाई तिला रोज बघायच्या, एका हाताने ओढणी सावरत धावत जाताना. यादी लागली तेव्हा ती खिडकीशी आली होती. "बाई, मी रोज बसते हो वर्गात. तुम्ही बघता ना मला?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे मस्टर येतं, बाळ. मी मस्टर बघते." प्राचार्यांकडे अर्ज गेला, त्यांनी ऑफिसला विचारलं, आणि ऑफिसने, म्हणजे बाईंनी, आकडा बरोबर असल्याचं कळवलं. आकडा बरोबर होताच.

"कसं झालं?" टकळीने विचारलं.

आता सांगावं, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं. पण भाषणाचा अर्धा जीव त्या गोष्टीत होता, दुपार तोंडावर आली होती, आणि पोरीचे डोळे कसे चमकत होते.

"छान झालंय," बाई म्हणाल्या. "वेळेत बसव म्हणजे झालं."

सभागृहात वेळ बघायचं काम ऑफिसकडे आलं. शिपाई म्हणाला, "बाई, तुमच्याइतकं काटेकोर मोजणारं कोण आहे?" आणि घंटा त्यांच्या पुढ्यात ठेवून गेला. दोन मिनिटांना एक टोला, तीन मिनिटांना दोन.

टकळी उभी राहिली. घरी शब्दांवर शब्द आदळणारी पोर इथे जपून पाऊल टाकावं तशी बोलली. सक्ती म्हणजे काय ते सांगितलं. वर्ग म्हणजे नुसतं ऐकणं नाही, शेजारच्याने विचारलेल्या शंकेतूनही आपण शिकतो, म्हणून रिकामा बाक सगळ्यांचंच नुकसान करतो, म्हणाली. जो आपणहून येत नाही त्याचीच चौकशी व्हायला हवी आणि हजेरीशिवाय ती होत नाही, म्हणाली. नोकरीत याचा काय उपयोग ते माझा सहकारी सांगेल, एवढं बोलली आणि बाईंनी पहिला टोला दिला. मग त्या मुलीची गोष्ट आली. मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली. भाषण संपलं तेव्हा तीन मिनिटांना दहा सेकंद बाकी होते.

विरोधातला पहिला वक्ता उंच, किडकिडीत. तो चष्मा सारखा करत म्हणाला, "माझ्या मैत्रिणीने फार छान रडवलं. पण ती मुलगी वर्गात नव्हती, तर कुठे होती? कुणी विचारलं तिला?"

टकळी उत्तरासाठी आत्याकडे बघू लागली. बाईंनी नजर घड्याळावर ठेवली. दोन मिनिटं झाली होती. त्यांनी टोला दिला.

टकळीचा सहकारी हजरजबाबी निघाला. "कुठे होती ते कळायलाच तर हजेरी लागते," म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. निकाल टकळीच्या बाजूने लागला. परीक्षकांनी मुद्दाम सांगितलं की पहिल्या भाषणातलं उदाहरण मनाला भिडलं.

सगळे पांगल्यावर टकळी प्रमाणपत्र नाचवत ऑफिसात आली. "आत्या, अर्धं बक्षीस तुझं. पण त्या लंबूने मला गार केलं होतं हं. खरंच, कुठे होती गं ती?"

बाई घंटा कपाटात ठेवत होत्या.

"वर्गात," त्या म्हणाल्या.

मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आई, उशीर, मस्टर, खिडकी. स्वतः काय बोलल्या तेही. मध्ये काही गाळलं नाही.

टकळी खुर्चीत बसली. "म्हणजे मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"तू नाही बोललीस."

"सकाळी का नाही सांगितलंस?"

बाईंनी कपाटाचं दार लोटलं. देवाकडे त्यांनी सत्तावीस वर्षं फक्त आकडा मागितला होता; दुसरं काही मागायचं असतं, हे सुचलंच नव्हतं.

"ती आता कुठे असते?"

"ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही."

टकळीने प्रमाणपत्राची घडी केली. घडी करायचं नसतं ते, तरी केली, आणि पर्समध्ये टाकली. "मी पुढे होते," म्हणाली, आणि निघाली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत राहिला.

बाईंनी कपाटाला कुलूप लावलं. सोमवारी या महिन्याची यादी लागायची होती. पहिल्या वर्षाचे सर अजून स्टाफरूममध्ये बसलेले असतील. उशिरा येऊन बसलेल्या मुलांना त्यांनी मस्टरात काय लावलंय, ते विचारायला बाई वरच्या मजल्यावर निघाल्या.