जॅकेटमधलं पाणी

जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. लातूरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे नळ कोरडे पडले होते. नळीत पाऱ्याने कोंडलेल्या हवेचा दाब वाढवत आकारमान मोजायचं आणि दोन्हींचा गुणाकार स्थिर येतो का, ते अहवालात मांडायचं होतं. पण पत्र्याखाली दुपार तापेल तसा आमचा गुणाकार चढत गेला. सर सही करेनात. नळीभोवतीच्या काचेच्या जॅकेटात पाणीच नव्हतं.

औशाहून येणाऱ्या माझ्या जोडीदाराने स्टँडवर रांगेत भरलेली बाटली त्यात ओतली. तापमान जागेवर राहिलं, गुणाकारही राहिला. सरांनी सही केली.

तो जॅकेटची तोटी उघडून खाली तीच बाटली धरून बसला.

"दे सोडून. पाऱ्याजवळचं पाणी हाय ते," मी म्हणालो.

"घरी न्यायचंय," तो म्हणाला. "माय वाट बघत असंल."