काकांना जाणारं ईमेल

आळेफाट्याला एका गॅरेजच्या वर माझं ऑफिस आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना मी इकडे फार्महाऊस बांधून देते. घर बांधून झालं की माणसं आपल्याला विसरतात, म्हणून मी महिन्यातून एकदा साधं ईमेल पाठवू लागले. जुन्या ग्राहकांना, आणि चौकशी करून गेलेल्यांपैकी जे ‘पाठवा’ म्हणाले त्यांना. दोन फोटो, चालू कामाच्या चार ओळी, घर राखायची एखादी सूचना, आणि तळाशी ‘हे ईमेल नको असल्यास इथे दाबा’.

मढजवळ एका काकांचं घर मी बांधलं होतं. ते वारल्याचं कळलं, पण यादीतून त्यांचं नाव काढायला हात धजावला नाही. ईमेल कुणी उघडलं याचा अहवाल मला मिळतो. ते गेल्यावरही त्यात काकांचं नाव यायचंच. काही ठिकाणी मेलचं सॉफ्टवेअर आपणहून फोटो उघडतं आणि माणसाने ईमेल वाचल्याची नोंद होते, हे मला ठाऊक होतं. मी मनावर घेतलं नाही.

पावसाळ्यात मी डोंगराकडच्या भिंती तपासायची सूचना लिहिली. दुपारी काकांच्या पत्त्यावरून उत्तर आलं : ‘मागच्या खोलीत पाणी आलंय. बघून घ्या.’

तशीच गाडी काढून मढला गेले. धुक्यात घर दिसेना. राखणदाराने कुलूप उघडलं.

“ताई, दिवाळीपासून हितं कुनी आलं न्हाई. मी बी आत गेलो न्हाई,” तो म्हणाला.

मागच्या खोलीत घोटाभर पाणी होतं.

मी काकूंना फोन लावला.

“मीच लिहिलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हे सांगतात, मी टाइप करते.”

“दुरुस्ती करून घेते,” एवढंच म्हटलं.

भिंत दुरुस्त झाल्यावर काकू तिथे राहायला आल्या. काम दाखवायला गेले तेव्हा त्या ओट्यावर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. त्याच सकाळी गेलेलं माझं ईमेल त्या मोठ्याने वाचत होत्या. मध्येच थांबल्या, मान किंचित वळवली, कुणाचं तरी ऐकावं तशी.

“हे म्हणतात, दुसरा फोटो जुना आहे.”

जुनाच होता. नव्या कामाचा चांगला फोटो मिळाला नव्हता, म्हणून खोडदच्या एका जुन्या घराचा मी घातला होता. ते घर काकूंनी कधी पाहिलं नव्हतं, आणि फोटोचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

ते मी नेमकं कुणाला म्हणाले, कोण जाणे. काकूंनी मान डोलावली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. ओट्यावर माझ्या शेजारी बराच वेळ गार वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन चालू कामावर गेले.