विहीर डोलते

"विहीर डोलते," असं काकांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मी हसून सोडून दिलं.

काका म्हणजे माझ्या सहकारी मुलीचे वडील. वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. पंप, टाक्या, छोट्या भट्ट्या यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही तिथे बनवतो. मी सर्किट काढतो, ती प्रोग्रॅम लिहिते. ती जवळच्याच वटार गावची. घरची वाडी आहे, केळी आहेत, पानवेली आहेत आणि मधोमध एक विहीर आहे. मी मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलो. आमच्याकडे पाणी म्हणजे नळ, आणि नळ कोरडा असला तर टँकर. विहिरीचं मला काही कळत नाही, पण न कळणाऱ्या गोष्टींवरच मी जास्त ठासून बोलतो, असं माझी बायको म्हणते.

त्या विहिरीचा एक नियम होता. समुद्र जवळ, त्यामुळे गोड्या पाण्याच्या खाली खारं पाणी टपून बसलेलं. प्रमाणाबाहेर उपसा केला की ते वर येतं, पाणी मचूळ होतं आणि पानवेल मान टाकते. म्हणून काकांनी एक दोरी ठेवली होती. टोकाला लोखंडी वजन, आणि हात हात अंतरावर गाठी. दोरी तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. पाच गाठींच्या खाली पाणी गेलं की पंप बंद. वर्षानुवर्षं ते रोज सकाळी हे करत आले होते. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नजर धूसर राहिली, आणि एकदा काठावर त्यांचा पाय सटकला. पोरगी घाबरली. गाळ्यात येऊन म्हणाली, "सर, विहिरीवर आपला बोर्ड बसवू या. पप्पांनी आता काठावर जायलाच नको."

काम सोपं होतं. तळाशी पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर सोडायचा आणि पाणी पाच गाठींवर आलं की बोर्डानेच पंप बंद करायचा. तो पाण्याच्या उंचीप्रमाणे शून्य ते दहा व्होल्ट देतो. आमच्या चिपच्या आत व्होल्टेजचे आकडे करणारा जो एडीसी असतो, त्याला मात्र सव्वातीन व्होल्टच्या वर सोसत नाही. म्हणून मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेजचा तिसरा हिस्सा घ्यायचा. याला व्होल्टेज डिव्हायडर म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतो.

पोरीने काढलेल्या आराखड्यात डिव्हायडरच्या पुढे विजेची थरथर गाळणारा एक कपॅसिटर होता आणि त्यापुढे, कमजोर सिग्नलला जोर देणारा, बफर म्हणून एक ऑप-अँप. मी लाल पेन घेतलं आणि दोन्हींवर काट मारली. "पाणी काय विजेच्या वेगाने वरखाली होणार आहे? फिल्टर कशाला? आणि दोन रेझिस्टरचं काम असताना ऑप-अँपची हौस कशाला?" तिने कागद घडी करून खणात ठेवला. सेन्सरवर भार नको म्हणून रेझिस्टर मी मोठाले निवडले, सहाशेऐंशी आणि तीनशेतीस किलोओहमचे. टेबलावर मल्टिमीटर लावून पाहिलं, हिशेब बरोबर. चिपवर पाहिलं, तिथेही बरोबर. माझी छाती दोन इंच फुगली.

एका रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून काका घरी आल्यावर आम्ही बोर्ड बसवला. त्यांना मीटर-सेंटिमीटर नको होते, म्हणून पोरीने बोर्डाच्या पडद्यावर मोठ्या आकड्यांत गाठीच दाखवल्या. विहीर तेव्हा भरलेली होती. दोरी म्हणाली बारा, बोर्ड म्हणाला बारा. काकांनी माझी पाठ थोपटली. घरात पोरीशी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला अर्धीच कळते. माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. म्हणाले, "छान आहे बाबा तुझी पेटी." मी पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, आता ती दोरी कुलपात टाक, नाहीतर ते जातच राहणार. तिने टाकली. हे मीच सांगितलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "पंप चालू झाला की विहीर डोलते. पडद्यावर आकडा हळूच वर जातो, हळूच खाली येतो."

"काका, उपसा चालू असताना झरे जोर करतात. पाणी हलणारच."

"मी जन्मभर बघतोय. पाणी उतरतं. डोलत नाही."

पोरीलाही मी हेच सांगितलं. शिवाय प्रोग्रॅममध्ये दर दहा आकड्यांची सरासरी घेतोय, मग भानगड कसली? त्यानंतर दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी झऱ्यांवरच खापर फोडलं. ज्या माणसाने विहीर आतून पाहिलेली नाही, त्याने विहीरवाल्याला झरे शिकवले.

मग उन्हाळा वाढला, आणि एके दिवशी पोरगी गाळ्यात आली ती डबा न ठेवताच उभी राहिली. "पप्पा म्हणतायत पाणी मचूळ लागतंय."

आम्ही स्कूटरवरून वटारला गेलो. पडद्यावर सात गाठी होत्या. पोरीने कुलूप काढून दोरी आणली, स्वतःच सोडली, ओढली. भिजलेल्या गाठी तीन.

मी पुन्हा मोजायला लावल्या. तीनच. पाचवर बंद व्हायला हवा असलेला पंप सातच्या भरवशावर दिवसचे दिवस चालत राहिला होता. विहिरीलगतच्या वेलींची पानं कडेने करपली होती. काकांनी मला पेल्यात पाणी दिलं. मी प्यायलो आणि मला काहीच कळलं नाही. चाळीच्या नळा-टँकरवर वाढलेल्या जिभेला सगळं पाणी सारखंच. त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली, ती आजवर कुठल्याही बिघाडाने वाटली नव्हती.

पंप बंद करून बोर्ड उचलून आणला आणि आम्ही दोघं टेबलाशी बसलो. उत्तर दोन दिवसांत सापडलं. ते माझ्या लाल रेघांच्या खालीच होतं.

एडीसी व्होल्टेज मोजतो तो एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये भरून घेऊन. त्याला एखादी वाटी समजा. आमचा बोर्ड एकाच वाटीने आधी वीज गेल्यावर लागणारी स्वतःची बॅटरी मोजायचा आणि लगेच विहीर. बॅटरीकडे नेहमी जवळपास तीन व्होल्ट. तिने वाटी भरलेली, आणि मग विहिरीने ती आपल्या मापावर आणायची. पण मी लावलेल्या मोठ्या रेझिस्टरमधून धार येणार करंगळीएवढी, आणि वेळ दीड-दोन मायक्रोसेकंद. माप होईपर्यंत वाटीत बॅटरीचं उरलेलं असायचंच. विहीर भरलेली असताना दोन्हींची पातळी सारखी, म्हणून काही जाणवलं नाही. विहीर जसजशी रिकामी होत गेली, तसतसा बोर्ड जास्त खोटं बोलत गेला. टेबलावर मी एकटा विहिरीचाच चॅनेल चालवला होता, म्हणून तिथे सगळं आलबेल. आणि मल्टिमीटरला घाई नसते.

डोलण्याचं कारण वेगळं निघालं. पंपाची वायर आणि सेन्सरची वायर एकाच पाइपातून नेलेली. पंप चालला की त्याची पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, घरघर सेन्सरच्या वायरीत उतरायची. आम्ही सेकंदाला दहा वेळा मोजत होतो. समजा, ओटीवरचा झोपाळा भराभर झुलतोय आणि तुम्ही दर पाच झोक्यांनी एकदा डोळे उघडता. वीज पन्नासच्या किंचित खाली असते, त्यामुळे दर वेळी झोपाळा जरासा मागे दिसतो, आणि तुम्हाला वाटतं तो अगदी संथ चाललाय. याला एलियासिंग म्हणतात. एकदा आकडे घेतल्यावर ही लाट खरी की खोटी, ते आकड्यांवरून ओळखता येत नाही. ती वीसेक सेकंदांनी एकदा हेलकावायची, तिथे एका सेकंदाची सरासरी काय करणार? घरघर एडीसीच्या आधीच अडवायला हवी. काकांचा शब्द तंतोतंत होता. डोलते. माझ्याकडे त्यासाठी इंग्रजी नाव होतं, फक्त ते मला वेळेवर आठवलं नाही.

पोरीचा आराखडा मी पुन्हा काढला. डिव्हायडरच्या सांध्यावर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जो त्याच मोठ्या रेझिस्टरांशी मिळून पन्नास हर्ट्झला जवळजवळ गाडून टाकतो. त्यापुढे ऑप-अँप, जो डिव्हायडरकडून जवळपास काहीच मागत नाही आणि वाटी मात्र ताबडतोब भरतो. इथेही मी खणातला हाताला लागेल तो ऑप-अँप लावला. तो सव्वातीन व्होल्टच्या सप्लायवर दोनच्याही वर जाईना. पोरीने निमूटपणे दुसरा काढून दिला, सप्लायच्या काठापर्यंत जाणारा. वायरी वेगळ्या पाइपांतून नेल्या. मी तिला म्हटलं, "तेव्हा भांडली का नाहीस?"

"तुम्ही लाल पेनाने लिहिता, सर," ती म्हणाली.

ते लाल पेन मी नंतर फेकून दिलं.

नवा बोर्ड बसवला तोवर विहीर कित्येक दिवस विश्रांती घेत होती. काठाच्या दोन ओळी वेली गेल्या, बाकीच्या तगल्या. काका म्हणाले पाणी परत गोडावर येतंय. पंप चालू केला. पडद्यावरचा आकडा डोलला नाही. हळूहळू उतरत गेला, काका म्हणाले होते तसाच. पाचवर पंप आपोआप बंद पडला.

"दोरी आण," काका म्हणाले. पोरीने त्यांचा दंड धरला आणि त्यांनी स्वतः दोरी सोडली. ओढताना एकेक गाठ बोटांत चेपून मोजली. "सहा."

पुन्हा तेच? मी पडद्याकडे पाहिलं. पाच. पोरीने त्यांच्या हातातून दोरी घेतली, उन्हात धरली आणि मोठ्याने मोजली. पाच. सहावी गाठ कोरडी होती.

काकांनी ती गाठ पुन्हा चेपून पाहिली. मग अंगठा बोटांवर चोळला. साखरेच्या आजाराने बोटं बधिर होत चालली होती, हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काका, माझ्यामुळे दोन ओळी गेल्या," मी म्हणालो. इतके दिवस तोंडाशी येऊन राहिलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"वेल परत लावता येते," ते म्हणाले. त्यांनी दोरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात ठेवली. "ही तू घेऊन जा. आता मोजणारी तुझी पेटीच. पण मी डोलते म्हटलं की हसू नकोस."

दोरी अजून ओली होती. ती मी स्कूटरच्या हँडलला न अडकवता मांडीवर धरून, पोरीच्या मागे बसून गाळ्यापर्यंत आणली.