वॉलेटात न पोचलेले पंधरा हजार

सोमवारी सकाळी मी दुकानाच्या वॉलेटात पंधरा हजार टाकले. बँकेचा मेसेज आला, पैसे कटले. वॉलेट मात्र होतं तिथंच, तीनशे बारा रुपयांवर ढिम्म.

दुकान म्हणजे देवासला आमच्याच घराची पुढची खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लोक विजेची बिलं, परीक्षांचे फॉर्म घेऊन येतात, रोख देतात आणि मी ते एका पेमेंट कंपनीच्या पोर्टलवरून भरते. पोर्टल पैसे उचलतं ते वॉलेटातूनच. वॉलेट रिकामं तर दुकान बंद. आणि ते पंधरा हजार म्हणजे माझं सगळं भांडवल होतं.

माझं डोकं आधी तापतं, मग चालतं. पहिल्या तासात मी प्रिंटरवर राग काढला, बिल भरायला आलेल्या एका भियावर, इकडं भाऊला भियाच म्हणतात, उगाच खेकसले. पुन्हा पैसे टाकून बघावं असंही वाटलं, पण टाकायला होते कुठे? नव्हते तेच बरं. अशा वेळी दुसऱ्यांदा टाकायचे नसतात. पहिले कुठं अडकलेत ते कळायच्या आत दुसरेही अडकतात.

लॉगआउट करून परत आत गेले. वॉलेटचं पासबुक उघडलं. नुसता वरचा आकडा बघून भागत नाही, रक्कम जमा झाली की नाही ते आतल्या नोंदींत दिसतं. तिथं जमेची नोंदच नव्हती. टॉप-अपच्या यादीत मात्र ते पंधरा हजार होते आणि पुढं लिहिलं होतं, ‘प्रोसेस में’. संध्याकाळपर्यंत तेच.

मोबाइलवर पेमेंटखाली दिसला तो नंबर देऊन कंपनीला तक्रार टाकली. उत्तर आलं, असं पेमेंट सापडत नाही. मंगळवारी तणतणत बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझी तक्रार वाचली आणि हसल्या. "मैडम, ये तो आपके मोबाइल ऐप का नंबर है. इससे वो क्या ढूँढेंगे?" त्यांनी माझ्या खात्याचा उतारा काढला आणि त्या व्यवहारापुढचा बारा आकडी नंबर पेनानं अधोरेखित केला. यूटीआर म्हणतात त्याला. बँकेतून निघालेला पैसा त्याच नंबरानं ओळखला जातो. म्हणाल्या, पैसे इथून गेले आणि कंपनीच्या खात्यात पोचलेसुद्धा. आता बँकेशी भांडून उपयोग नाही, हा नंबर घेऊन कंपनीला विचारा.

विचारलं. यूटीआर दिल्याबरोबर पाच मिनिटांत उत्तर आलं, पेमेंट सापडलं आहे, उद्या दुपारी आमचा फोन येईल, आयडीधारकाशी बोलायचं आहे.

तिथं मी अडकले. पोर्टलवरचा आयडी माझ्या नवऱ्याचा आहे. आणि ते जाऊन तीन वर्षं झाली.

मी काही चोरी करत नव्हते हो. दुकान दोघांचं होतं. ते गेले, तेराव्यानंतर मी खोली उघडली आणि त्यांच्याच आयडीवर कामाला लागले. त्यांचा फोन माझ्यापाशीच होता, ओटीपी त्यावर यायचा. पोर्टलवर रोज सकाळी एक पिवळी पट्टी यायची, आयडीधारकानं वर्षाची पडताळणी करावी, मशीनवर बोट ठेवावं. खाली दोन बटणं असायची. मी रोज ‘बाद में’ दाबायची. कोणाचं बोट ठेवणार होते? कंपनीतून कधी फोन आलाच तर सांगायची, ते बाहेर गेलेत.

धारला दिरांना फोन लावला. घरात एवढं एकच माणूस, ज्याच्याशी मी खरं बोलते. मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं काम आहे, ते टाकून बुधवारी इंदूरवरून बस बदलत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, त्यात काय एवढं? मी बोलतो. दादाचा नि माझा आवाज फोनवर आईलाही वेगळा कळायचा नाही, कंपनीवाल्यांना काय कळणार?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखंच वाटलं. पंधरा हजार आले की बाकीचं बघू.

अडीचला फोन आला. मी स्पीकर लावला. तिकडच्या मुलीनं नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "सर बोल रहे हैं?"

दीर पुढं झुकले आणि म्हणाले, "हाँ जी, मैं ही बोल रहा हूँ."

अगं बाई! तो तोच आवाज. तीच घशातली खरखर, ‘जी’वर तोच जोर. तिनं जन्मतारीख विचारली, त्यांनी सांगितली, बरोबर सांगितली. मग ती सांगू लागली की पैसे आलेत, पण आपल्या पडताळणीची पुन्हा पुन्हा वाढवलेली मुदत या रविवारी संपली, म्हणून वॉलेटात चढले नाहीत, होल्डवर आहेत. "सर, बस एक बार मशीन पर उँगली रख दीजिए, तुरंत चढ़ जाएँगे."

"रख दूँगा," तो आवाज म्हणाला. "आज ही रख दूँगा."

मी फोन ओढूनच घेतला. "नहीं रखेंगे," मी म्हटलं. "वो नहीं हैं. तीन साल पहले गुज़र गए."

 ती चाचरत म्हणाली, "मैम, तो आज तक काम कौन कर रहा था?"

"मैं कर रही थी. ये मेरे देवर बोल रहे थे, गलती हमारी है."

मला वाटलं आता पोलीस-बिलीस काढते. पण पोरगी भली होती. म्हणाली, आयडी आजच बंद करावा लागेल. मृत्यूचा दाखला आणि माझी कागदपत्रं पाठवा, वॉलेटातले जुने तीनशे बारा वारसाला मिळतील. होल्डवरचे पंधरा हजार चढवता येणार नाहीत, पण ते ज्या खात्यातून आले तिथंच परत जातील. खातं माझं होतं. दुकान चालवायचं तर माझ्या नावानं नवीन अर्ज. ते पैसे चौथ्या दिवशी आले, अर्जाला महिना लागला. महिनाभर शेजारणींची बिलंसुद्धा मला भरता आली नाहीत, फार चरफडले.

पण त्या दुपारी फोन ठेवला तेव्हा दीर खाली मान घालून बसले होते. "वहिनी, रागावलात?"

"रागावणार नाही तर काय? त्यांच्या आवाजात ‘मी बोलतोय’ म्हणता?"

"अहो, आवाज माझाच आहे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. उठून आत गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्यापाशी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

"भावजी," मी आतून म्हटलं, "चहा होईतो बोलत राहा. काहीही बोला."