या वेळी नाही

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमळनेरच्या एका जिनिंग सोसायटीचं सॉफ्टवेअर बनवायचं काम आम्हाला मिळालं. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. मेहरूणमध्ये एक खोली, दोन कॉम्प्युटर. कापसाच्या गाड्यांचे नंबर लावायचे, वजनाची चिठ्ठी छापायची. मुदत दिवाळीची, आणि मागण्या अडतीस.

भागीदारानं एक परदेशी पद्धत वाचून काढली होती. प्रत्येक मागणी वेगळ्या कार्डावर, आणि कार्डं चार ढिगांत: हवंच, हवं, जमलं तर, या वेळी नाही. पहिल्या ढिगात अर्ध्याहून थोडंच जास्त काम बसवायचं, म्हणजे अडचण आली तर मागच्या ढिगातलं सोडून मुदत पाळता येते.

चेअरमन आबांनी सगळीच कार्डं पहिल्या ढिगात सरकवली. ‘‘बठ्ठं जरुरी शे, भाऊ.’’ पडद्यावर उघडताच सोसायटीचं नाव कमळाच्या चित्रासकट दिसावं, हेही जरुरी.

भागीदार शांतपणे एकेक कार्ड उचलून विचारायचा, ‘‘आबा, हे नसलं तर पहिल्या दिवशी गाडी अडून राहील का?’’ आबा कुरकुरत, पण उत्तर देत. कमळ तिसऱ्या ढिगात गेलं. मला मात्र ही चाल फार संथ वाटली. मी कापसाच्या दलालीतून वर आलेला, रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस. शेवटच्या सात कार्डांवर आबा अडले, तशी माझी सटकली. मी म्हणालो, गावनिहाय अहवाल पहिल्या ढिगात घ्या, त्या बदल्यात मराठी चिठ्ठी सोडा, इंग्रजीवर भागवा. आबांनी लगेच हात पुढे केला.

मराठी चिठ्ठी हे भागीदारानं मनापासून मागितलेलं एकच कार्ड. तो एवढंच म्हणाला, ‘‘अरे, ढीग सौद्यानं नाही ठरत. गाडीवाल्याला वाचता येईल का, ते बघ.’’ मी ऐकलं नाही. कार्ड चौथ्या ढिगात गेलं.

दिवाळीला सगळं वेळेवर चालू झालं. फक्त गाडीवान हातात चिठ्ठी धरून एकमेकांकडे बघत, आणि कारकून प्रत्येक चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनानं मराठीत लिहून देई. त्यामुळे रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. गावनिहाय अहवाल महिनाभर कुणी मागितला नाही.

पुढचं काम आबांनी पुण्याच्या एका कंपनीला दिलं. मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तो राग अजून आहे. भागीदार त्याच कंपनीत गेला. जाताना भांडला असता तर बरं झालं असतं; भांडणाला माझ्याकडे उत्तर असतं.

परवा अमळनेरला गेलो होतो. सोसायटीच्या तराजूपाशी एक म्हातारा आपली चिठ्ठी मोठ्यानं वाचत होता, गावाचं नाव, वजन, नंबर, सगळं मराठीत. मी तिथं उगाच बराच वेळ थांबलो. वाटत होतं, हे ऐकायला भागीदार माझ्या शेजारी हवा होता.