उजवा खांदा अर्धा इंच उतरता

चौकातल्या शिंप्याने तीन आठवड्यांत पाच शर्ट बिघडवले. आता शिंपी म्हटला की एखादा शर्ट बिघडायचाच, त्यात नवल ते काय? पण या पठ्ठ्याने पाचही शर्ट अगदी एकसारखे बिघडवले. बेकरीवाल्याचा, हेडमास्तरांचा, कुलूपवाल्याचा, औषधांच्या दुकानदाराचा आणि दातांच्या डॉक्टरांचा. पाचही शर्टांचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता! बेकरीवाला तर आरशासमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, शर्ट नीट आहे, मीच वाकडा झालोय की काय?" आणि घरी जाऊन बायकोकडून दोन दिवस पाठीला शेक घेत बसला.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. वय बेचाळीस, हात असा की डोळे मिटून कॉलर कापावी. दुकानात दुसरी असे ती त्याची ताई. काज-बटण, इस्त्री आणि गिऱ्हाइकांची चौकशी ही तिन्ही खाती तिच्याकडे. त्यातलं तिसरं ती सर्वांत मन लावून सांभाळी.

आणि तिसरा, म्हणजे जो आता नव्हता तो, पोस्टमन. डाव्या खांद्यावर सायकल घेऊन जिने चढणारा आणि उजव्या खांद्यावर टपालाची पिशवी टाकून सबंध पेठ पालथी घालणारा उंच गडी. वीस वर्षांच्या पिशवीने त्याचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आणला होता. हे साऱ्या जगात दोघांनाच माहीत आहे, असं मास्तर समजे. एक तो स्वतः आणि दुसरा मास्तर. चार वर्षं दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, आणि हे तर जगात कुणालाच माहीत नव्हतं.

ते कसं लपवलं, हे ऐकण्यासारखं आहे. टपाल खात्याचा गणवेश अंगावर असताना माणसाला किती शर्ट लागावेत? हा वर्षाला आठ शिवून घ्यायचा. एकेका शर्टाची चार-चार वेळा फिटिंग! पडद्याआड आरसा, आरशापुढे तो, त्याच्यामागे तोंडात टाचण्या धरलेला मास्तर. आणि बाहेर ताई ओरडतेय, "अरे, झालं का? किती ते माप!" मास्तरच्या फोनमध्ये त्याचं नाव होतं 'अस्तरवाला'. निरोप वाचला की पुसून टाकायचा. दोघांचा मिळून फोटो एकही नाही. आणि खरी थट्टा म्हणजे, साऱ्या पेठेला पत्रं वाटणाऱ्या त्या माणसाने मास्तरला चार वर्षांत एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. कागद सापडतो, म्हणे.

शेवटी पोस्टमनला या लपाछपीचा कंटाळा आला. म्हणाला, "मी बदली मागतो. दुसऱ्या गावी दोघं एका घरात राहू. दुकान तिथेही चालेल तुझं." मास्तर म्हणाला, बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाला, बघू. ताईला काय सांगू, लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल, अशी त्याची बघण्याची यादीच होती. सहा महिने हे बघणं चाललं. मग एके दिवशी भर दुपारी पोस्टमन दुकानात आला. तेव्हा काउंटरवर हेडमास्तर कापड उलगडून उभे. पोस्टमन त्यांच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "मास्तर, माझं ते काम रद्द समजा."

"कोणतं?"

"सगळंच. बदलीचा कागद आला. मी एकटाच चाललोय."

मास्तरच्या हातात टेप होता. समोर हेडमास्तर. मागे ताई. त्याच्या तोंडून निघालं, "ठीक आहे. धन्यवाद." चार वर्षांच्या संसाराला हा निरोप! हेडमास्तर वर म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक रद्द करतंय आणि तुम्ही धन्यवाद देताय? व्यवहार शिका जरा." आणि खो खो हसले. मास्तरही हसला. हसला नसता, तर काय केलं असतं?

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाने रडावं कुठे? सुतक पाळायची सोय नाही, सुट्टी मागायला कारण नाही, कुणी खांद्यावर हात ठेवायला यायचं नाही. उलट झालं असं की, साऱ्या पेठेनेच पोस्टमनसाठी गळा काढला! जो येई तो म्हणे, "गेला हो आपला पोस्टमन! काय माणूस होता! नवा बघा, बेल वाजवून पळतो." कुलूपवाल्याने तर काउंटरवर डोळे पुसले. आणि ज्याचं खरंच काही गेलं होतं तो खडू शोधल्यासारखं करत म्हणे, "हो का? माझ्या काही लक्षात नाही आलं." पेठेला परवानगी, याला नाही!

मग त्याने दाताचा आधार घेतला. एका सकाळी डोळे सुजलेले पाहून ताईने विचारलं, "काय रे?" तर हा म्हणाला, "दाढ." झालं! जबड्याला फडकं बांधलं, आणि पेठ नुसती लोटली. कुणी लवंगेचं तेल आणलं, कुणी मिठाचं पाणी. मास्तर मोठमोठ्याने कण्हू लागला. किती दिवसांनी कण्हता येत होतं! दुपारी "आई गं" म्हणून असा हुंदका दिला की औषधवाला म्हणाला, "ही अक्कलदाढच असणार." मास्तरला मनातून पटलं, अक्कलच दुखत होती. जेवण नको म्हणायला कारण, गप्प बसायला कारण, डोळ्यांतून पाणी यायला कारण. एवढी सोयीची दाढ कुणाच्या तोंडात नसेल! फक्त रात्री कितीही कूस बदलली तरी अस्तरवाल्याचा फोन यायचा नाही, तिथे लवंग चालेना.

पण तोंड असं बांधून ठेवलं तरी हात बोलत होते. कापड पसरलं की खडू आपोआप उजवीकडे अर्धा इंच खाली उतरे. वहीत हेडमास्तरांचं माप, डोळ्यांपुढे वही, आणि कापडावर मात्र तोच खांदा.

मग एका दुपारी दातांचे डॉक्टर स्वतःचा वाकडा शर्ट हातात घेऊन आले. आले ते शर्टाचं राहू देऊन म्हणाले, "मास्तर, आधी तोंड उघडा." मास्तर नको नको म्हणत असता ताईने मागून डोकं धरलं. डॉक्टरांनी चमच्याने प्रत्येक दाढ ठोकून पाहिली.

"दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"अहो, दात कसले, मोती आहेत! हे फडकं कशाला बांधलंय मग?" असं म्हणून ते शर्ट ठेवून निघून गेले.

ताईने शटर अर्धं ओढलं. दुरुस्तीला परत आलेले पाचही शर्ट कटिंगच्या टेबलावर एकावर एक ठेवले, टेप घेतला आणि खांदे मोजले. अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा.

"टेबल तिरकं आहे ताई," मास्तर म्हणाला.

"टेबल बाबांच्या वेळचं आहे."

"डोळ्यांना कमी दिसतं हल्ली."

"कमी दिसणारा एकाच ठिकाणी एकसारखा चुकतो होय रे? हा खांदा मी ओळखते. चार वर्षं या खांद्याच्या शर्टांना काज मीच केलेत."

"हाताला सवय लागली असेल. एवढे शर्ट शिवले त्याचे."

"तो इथे होता तेव्हा सवय नव्हती? तेव्हा कधी एक खांदा चुकला नाही तुझा. तो गेल्यावर सगळ्या पेठेला त्याचा खांदा लावत सुटलास."

मास्तरने जबड्याचं फडकं सोडलं आणि त्यातच तोंड लपवलं. हे कळलं तर ताई उठून कायमची मामाकडे जाईल, हे भय त्याने चार वर्षं पोटात सांभाळलं होतं. त्याच भयापायी तर 'बघू, बघू' झालं होतं. ताई उठली खरी. पण पडद्याकडे गेली, आणि पडदा हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे फिटिंग, फिटिंग म्हणत होतास ते..."

"हो."

"चार-चार वेळा!"

"हो गं."

"आणि मी मूर्ख, या पडद्याला दर आठवड्याला इस्त्री करत होते!" एवढं म्हणून ती मटकन स्टुलावर बसली आणि तिला असं हसू फुटलं की टाचण्यांचा डबा उपडा झाला. मास्तर आधी घाबरला, मग रडता रडता त्यालाही हसू आलं. दोघं खाली बसून टाचण्या वेचू लागले.

"सोडून गेला मेला," ताई म्हणाली.

"मेला म्हणू नकोस त्याला."

"का म्हणू नको? माझ्या भावाला असा..."

"त्याने बोलावलं होतं. सहा महिने बोलावत होता. मीच बघू म्हणत बसलो. तुला काय सांगू म्हणून."

ताईचा हात थांबला. "माझ्या नावावर खपवलंस होय? निदान विचारायचंस तरी! मी काय, काज करायच्या सुईने डोळे फोडले असते तुझे?" मग हळूच म्हणाली, "रागावले असते आठवडाभर. महिनाभरही असते. पण असा तू एकटा दाढ धरून..." मग मात्र तिने एकामागून एक प्रश्न विचारले: पहिल्यांदा कोण बोललं, तो कुणाची थट्टा करायचा, जाताना मागे वळला का. मास्तर सांगत सुटला. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. चार वर्षांत साचलेलं सारं धो धो बाहेर आलं. मध्येच हुंदका, मध्येच त्याच्या नकला, पुन्हा हुंदका. परत बोलाव त्याला, असं ताई म्हणाली. मास्तरने मान हलवली. "तिथे घर घेतलंय त्याने. शेवटच्या निरोपात म्हणाला, आता वाट बघायची नाही. आणि त्याचं बरोबर आहे." ताईने यावर सल्ला दिला नाही. नुसती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आणि मास्तर पहिल्यांदा, दाढेचं नाव न घेता, मोकळा रडला.

शटरवर टकटक झाली. बेकरीवाला. अर्ध्या शटरखालून त्याचं डोकं आत आलं. "काय हो ताई, अर्धं बंद? माझा शर्ट..." तेवढ्यात त्याला आतून रडणं ऐकू आलं. "काय झालं?"

मास्तरने फडकं पुन्हा जबड्याला लावलं. ताईने पदराने डोळे टिपले, आणि साधेपणाने म्हणाली, "आमच्या घरातलं माणूस गेलं."

"अरेरे! कोण?"

"जवळचं. तुम्हाला नाव सांगून काय करायचंय."

"केव्हा?"

"तीन आठवडे झाले."

बेकरीवाला चकित झाला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "तीन आठवडे! आणि आम्हाला आज सांगता?"

"काय करणार," ताई म्हणाली, "मलाच आज कळलं."