पाचव्या दातावरचा हँडब्रेक

माझं गॅरेज चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वजनकाट्याच्या मागे आहे. पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन जॅक. मी फार बोलत नाही. गिऱ्हाइकांना ते आवडतं, त्यांना वाटतं, कमी बोलणारा मिस्त्री काम नीट करतो. तो समज मी कधी मोडला नाही.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, टेम्पो चालवायचे. मालक दुसरा होता. दाजी रोज सुट्या भागांच्या पेट्या भरून एका मोठ्या कंपनीच्या गेटवर जायचे. मूळचे मावळातले, आडदांड आणि बोलघेवडे. मला ते कधी नावाने हाक मारायचे नाहीत. साल्याची मस्करी करायचा हक्कच असतो दाजींना, म्हणून "पाव्हणं".

त्या दिवशी दुपार कलल्यावर टेम्पो घेऊन आले. मी दुसऱ्या एका गाडीचा क्लच उघडून बसलो होतो.

"पाव्हणं, हँडब्रेक बघा जरा. ओढतो ओढतो, पार काखेत येतोय."

मी केबिनमध्ये वाकून दांडा ओढला. हँडब्रेकच्या दांड्याखाली दातेरी पट्टी असते, एकेक दात अडकतो तसा कट कट आवाज येतो. चांगला असेल तर पाचव्या-सहाव्या दातावर चाक धरलं जातं. इथे अकरा झाले तरी दांडा वरच चालला होता.

"चढावर धरतो का?"

"धरतोय कसला. मी दगड लावतो. सीटखाली ठेवलाय की माझा दगड, त्याचा पगार मालक देत न्हाई एवढंच." मग हसणं थांबवून म्हणाले, "उद्या गेटवर तपासणी हाय. तो सेफ्टीवाला दांडा ओढून दात मोजतो. सहाच्या वर गेला की गाडी भायेर. मालक म्हनला, गाडी परत आली तर तू बी घरी बस."

दांडा एवढा वर यायला दोनच कारणं असतात. एक तर केबल ताणून लांबलेली असते, नाहीतर मागच्या चाकांच्या ड्रममधले ब्रेक शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. बहुतेक वेळा दुसरं असतं. म्हणून काम करायची एक रीत आहे: दांडा पूर्ण खाली, केबल ढिली, मागची दोन्ही चाकं वर, ड्रम काढायचे, शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, किती उरलंय ते बघायचं, दोन शूंच्या मधली फिरकी फिरवून शू ड्रमच्या जवळ आणायचे, चाक मोकळं फिरतंय ना ते हाताने पाहायचं, आणि सगळ्यात शेवटी केबलचा नट. केबल शेवटी. माझ्या उस्तादाने पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट आहे ही.

मी केबलने सुरुवात केली, आणि केबलवरच थांबलो.

गाडीखाली शिरलो. केबलच्या नटाला आटे थोडेच उरले होते, म्हणजे माझ्या आधीही कुणी तरी हेच केलं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं. तेव्हाच कळलं, असंच लिहायला हवं. मी उरलेले आटे घेतले, वर आलो, दांडा ओढला. पाचवा दात, आणि दांडा हाताला दगडासारखा घट्ट लागला. मोकळा टेम्पो, सपाट जागा. आम्ही दोघांनी मागून ढकलून पाहिला, हलला नाही.

"झालं?" दाजी म्हणाले.

"झालं. पण सवडीने आणा, ड्रम उघडू."

"आणतो की."

चहा पिऊन ते गेले. ड्रम उघडायचं मी बोललो होतो, हे नंतर किती तरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो. पण कसं बोललो होतो ते मला माहीत आहे. मागे वळून, क्लचकडे बघत.

तपासणीत गाडी पास झाली. ताईने फोनवर कौतुकाने सांगितलं, "अरे, गेटवरचा माणूस म्हणाला, हँडब्रेक नवा टाकला काय?" मला बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवतो.

पुढच्याच आठवड्यात ते झालं. गेटच्या बाहेर रस्ता चढाचा आहे, तिथे गाड्यांची रांग लागते. टेम्पो भरलेला. स्टार्टर नीट लागत नव्हता म्हणून दाजींनी इंजिन चालूच ठेवलं, गियर काढला, हँडब्रेक ओढला आणि कागद दाखवायला गेटच्या खिडकीकडे गेले. दगड लावला नाही. आता दगडाची गरज काय, साल्याने ब्रेक घट्ट करून दिलाय. हे मला त्यांनीच दवाखान्यात सांगितलं, पहिल्या दिवशी, जेव्हा त्यांना अजून सगळं स्वच्छ आठवत होतं.

टेम्पो मागे सरकू लागला. हळू, चालत्या माणसाच्या वेगाने. दाजी पळत आले. केबिनमध्ये चढायला हवं होतं, पण ते मागे गेले, रस्त्याकडेचा दगड उचलून चाकामागे घालायला. इतकी वर्षं हाताला तीच सवय. मागे ट्रक उभा होता. टेम्पो आणि ट्रकच्या मध्ये त्यांचा डावा पाय सापडला. क्लच दाबायचा पाय.

कुणी तरी केबिनमध्ये उडी मारून टेम्पो पुढे घेतला आणि पाय सोडवला. त्या गडबडीत दांडा त्यानेच खाली केला की आधीच खाली होता, हे त्यालाही सांगता येईना. मग सेफ्टीवाला आला. त्याने सगळ्यांसमोर दांडा ओढला. पाच दात, घट्ट. "ब्रेक ओके आहे," तो म्हणाला. "ड्रायव्हरने ओढलाच नाही."

मालकानेही तेच धरलं. इतर ड्रायव्हर दाजींना भेटायला आले तेही प्रेमाने तेच म्हणाले, "होतं भाऊ, घाईत विसरतो माणूस."

दवाखान्याच्या जिन्यात ताईने मला गाठलं. "हे म्हणतात, मी ओढला होता. सगळे म्हणतात, नाही ओढला. तू हात लावला होतास ना गाडीला? ब्रेक चांगला होता का रे?"

मी म्हणालो, "चांगला होता."

तीन शब्दसुद्धा नाहीत. ताईने पदराने तोंड पुसलं आणि वर गेली. त्या दिवसापासून तिनेही नवऱ्याला विचारणं सोडलं.

मालकाने टेम्पो दुरुस्तीला माझ्याकडेच पाठवला. मागची बाजू चेपली होती. "ब्रेक पण बघून घ्या," त्याचा निरोप होता. मी ड्रम काढले. लायनर झिजून ते धरणाऱ्या रिबिटा ड्रमला घासत होत्या. फिरकी गंजून गच्च बसलेली, किती दिवस फिरली नसेल कोण जाणे. उजव्या चाकाच्या केबलचे पीळ आत तुटले होते आणि ती गंजलेल्या वेष्टणात अडकत होती. दांडा हाताला घट्ट लागत होता तो त्यामुळे. माझ्या हाताचं सगळं बळ त्या गंजात खर्च होत होतं, चाकापर्यंत पोचतच नव्हतं. डावं चाक एकटं धरत होतं, तेही नावाला. मोकळ्या गाडीला सपाटीवर तेवढं पुरलं.

नवे शू घातले, नव्या केबल घातल्या, रीतसर सगळं केलं, केबल शेवटी. मग वजनकाट्याच्या चढावर एका ओळखीच्याचा माल भरून टेम्पो उभा केला. तसूभर हलला नाही. पाचवाच दात होता. मी तिथे बराच वेळ उभा होतो. काट्यावरचा माणूस म्हणाला, "काय राव, गाडीची पूजा करताय का?"

जुने शू आणि केबल मी भंगारात दिल्या. नेहमी देतो तशाच, असं म्हणता येईल. पण त्या दिवशी भंगारवाल्याला मी फोन करून बोलावून घेतलं होतं.

दाजींचा पाय राहिला, पण गुडघा वाकत नाही. ताईचं घर संत तुकाराम नगरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना ते पाय कडेने फेकतात. वाकडला एका मोठ्या सोसायटीत आता वॉचमन आहेत, तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर खुर्ची टाकून बसतात. ताई सांगते, घरून निघाले की कुलूप ओढून बघतात, खाली जातात, परत वर येऊन ओढतात. गॅसचं बटणही. "आपलं काय खरं न्हाई," म्हणतात. या माणसाने आयुष्यभर भरलेल्या गाड्या घाटातून उतरवल्या होत्या.

हेच मला सोसेना. पायाचं मी एक वेळ गिळलं असतं, मी तसलाच माणूस आहे. पण दाजी कुलूप दोनदा ओढतात हे ऐकल्यावर मी एका दुपारी वाकडला गेलो. माझी गाडी उतारावर कडेला लावली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो. सगळं सांगितलं. आटे, रिबिटा, गंज, भंगारवाला, जिन्यातलं ताईशी बोललेलं. इतकं सलग मी कधीच बोललो नव्हतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एका कारला हात दाखवून रस्ता दिला. मग म्हणाले, "पाच दातांवर येत व्हता ना?"

"हो."

"घट्ट व्हता ना?"

"दांडा घट्ट होता, दाजी. चाक नव्हतं धरत."

"मग त्या सेफ्टीवाल्याला येडं समजतो का तू?" ते शांतपणे हसले. "पाव्हणं, तुमच्या ताईनं पाठवलंय तुमाला. मला बरं वाटावं म्हनून."

"ताईला यातलं काहीच माहीत नाही."

"आता आठवतंय मला. कागद या हातात व्हते." त्यांनी डावा हात पुढे केला. "दांडा बी याच बाजूला. कागदाच्या हातानं मी ओढणार कसा? न्हाई ओढला. माझंच चुकलं. आधी उगाच ओढला, ओढला करत व्हतो, लाज वाटत व्हती म्हनून."

दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं की कागद शर्टाच्या खिशात होते. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, समजूतदार माणूस लहान मुलापुढे हलवतो तशी.

"ते जुनं सामान दाखव मग."

"भंगारात गेलं," मी म्हणालो.

"बघ," ते म्हणाले. "जाऊ दे. आन तुझ्या ताईला असलं काय सांगू नकोस. तिला भाऊ तू एकटा हायेस."

ताईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पीठ मळत होती. थांबली, परत मळायला लागली. कणकेचा गोळा झाल्यावर म्हणाली, "त्यांना सांगितलंस?" मी हो म्हणालो. "मग काय म्हणाले?" ते सांगितलं. तिने परातीवर ताट झाकलं आणि मला जेवायला थांब म्हणाली नाही. त्यानंतर मी तिच्या घरी जेवलेलो नाही.

वाकडला मात्र अधूनमधून जातो. तीच गोष्ट परत सांगतो, ते तसंच ऐकून घेतात. परवा गेलो तेव्हा गाडी उतारावर लावली, पहिला गियर टाकला, हँडब्रेक ओढला, उतरलो.

"ओढला का?" दाजींनी विचारलं.

"ओढला."

ते उठले. खुर्चीखालची अर्धी वीट घेतली, पाय फेकत माझ्या गाडीपर्यंत गेले, खिडकीतून आत दांड्याकडे पाहिलं. दांडा वर होता, त्यांना दिसला. तरी न वाकणारा पाय बाजूला पसरून ते जमिनीवर कसेबसे टेकले आणि वीट चाकाखाली सरकवली.